लीजची बहात्तर वर्षं उरली आहेत: आत्ता वाढवावं की थांबावं?

प्रश्न: आम्ही २०१८ मध्ये लंडनला हॅरो भागात दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. लीज ९९ वर्षांचं आहे एवढंच तेव्हा लक्षात होतं. आता कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायला गेलो तर म्हणाले, तुमची ७२ वर्षंच उरलीत. जमीनमालकाला द्यायचं भाडं, म्हणजे ग्राउंड रेंट, वर्षाला १५० पाउंड. वाशीहून बाबा म्हणतात, आपलं सिडकोचं घरही लीजवरच आहे, काही होत नाही. मित्र म्हणतात, नवा कायदा येतोय, थांब. लीज संपलं की घर खरंच जातं का? आत्ता वाढवून घेऊ की थांबू? फ्रीहोल्ड घेता आलं असतं का?

उत्तर:

गेली बावीस वर्षं मी इथे लीज वाढवण्याच्या किमती काढायचं काम करतो आहे, कधी फ्लॅटवाल्याच्या बाजूने, कधी जमीनमालकाच्या. तुमच्यासारखा फोन महिन्यातून दोनदा तरी येतो आणि आकडा बहुतेक वेळा सत्तर ते ऐंशीच्या मधलाच असतो. १९९० आणि २००० च्या दशकांत बांधलेल्या इमारतींत ९९ वर्षांची लीज सर्रास दिली गेली. ती आता सगळी एकदमच या टप्प्यावर आली आहेत.

आधी बहात्तर हा आकडा स्वतः तपासा. लँड रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावरून तुमच्या फ्लॅटचा रजिस्टरचा उतारा काही पाउंडांत मिळतो. त्यात लीजची तारीख आणि मुदत कधीपासून मोजायची ते लिहिलेलं असतं. मुदत तुम्ही फ्लॅट घेतल्यापासून सुरू होत नाही, आणि बऱ्याचदा लीज सही झाल्याच्या दिवसापासूनही नाही. बिल्डर अख्ख्या इमारतीला एकच तारीख लावतो, पुष्कळदा २९ सप्टेंबर किंवा २५ मार्च, कारण इंग्लंडमध्ये भाड्याचे हप्ते पूर्वापार याच दिवशी ठरलेले. तुमच्या हिशेबावरून मला वाटतं तुमचं लीज २९ सप्टेंबर १९९९ पासूनचं असावं. तसं असेल तर ते २०९८ मध्ये संपतं. आणि तुम्ही २०१८ मध्ये घेतलं तेव्हा ऐंशी वर्षं आणि काही महिने उरले होते. या 'काही महिन्यां'कडे मी पुन्हा येतो, कारण तुमचे हजारो पाउंड तिथेच गेले.

आता बाबांच्या वाशीबद्दल. नवी मुंबईत जमीन सिडकोची, ती सोसायटीला ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली, आणि तुमचे बाबा सोसायटीचे सभासद म्हणून त्या घरात. पट्टा देणारी सरकारी संस्था आहे आणि पुढे काय करायचं हा धोरणाचा, म्हणजे शेवटी मतांचा प्रश्न आहे. हॅरोत पट्टा जमिनीचा नाही, तुमच्या फ्लॅटचाच आहे. तो तुमच्या एकट्याच्या नावावर आहे आणि देणारा बहुधा एखादी खाजगी गुंतवणूक कंपनी, जिने ही इमारत बिल्डरकडून विकत घेतली ती ग्राउंड रेंट आणि नेमक्या याच लीज-वाढवणीच्या पैशांसाठी. तिला मतं नको आहेत. उलट एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: लीज वाढवून मिळणं ही इथे कृपा नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे. किंमत द्यावी लागते, पण नाही म्हणता येत नाही. म्हणून वाशीचा ताळा हॅरोला लावू नका, भीतीचाही नको आणि धीराचाही नको.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जमिनीवर पूर्ण हक्क दोनच प्रकारचे, आणि हे १९२५ च्या कायद्याने पक्कं केलेलं आहे. फ्रीहोल्ड म्हणजे मुदत नसलेली मालकी. लीजहोल्ड म्हणजे ठरावीक वर्षांची मालकी. लीजहोल्डर भाडेकरूच, पण इतक्या लांब मुदतीचा की तो विकू शकतो, गहाण ठेवू शकतो, मुलांना देऊ शकतो. घर त्याचं वाटतं आणि व्यवहारात असतंही. फक्त घड्याळ चालू असतं.

फ्लॅट फ्रीहोल्ड का मिळत नाहीत, याचं कारण लोक जमीनदारांच्या हावेत शोधतात. ती आहेच, पण मूळ अडचण कायद्याची आहे. छताची डागडुजी कर, जिन्याच्या खर्चाचा वाटा दे, अशी 'करायची' बंधनं फ्रीहोल्डच्या एका मालकाकडून पुढच्या मालकाकडे आपोआप जात नाहीत. वरच्या मजल्याच्या नव्या मालकाने छत दुरुस्त करायला नकार दिला तर खालच्याने काय करायचं? लीजमध्ये मात्र अशी बंधनं पुढच्या प्रत्येक खरेदीदाराला चिकटतात. म्हणून इथे फ्लॅट म्हटला की लीज हे जवळजवळ समीकरणच झालं. कॉमनहोल्ड, म्हणजे फ्लॅट बिनमुदतीच्या मालकीचा आणि इमारत सगळ्या फ्लॅटवाल्यांच्या संघटनेची, हा पर्याय २००२ च्या कायद्याने आला खरा, पण बिल्डर त्याकडे फिरकलेच नाहीत. म्हणजे तुम्ही फ्रीहोल्डची संधी हुकवली असं नाही. तसा फ्लॅट तुमच्यासमोर आलाच नसता.

मग लीज संपलं की काय होतं? तात्त्विक उत्तर: फ्लॅट जमीनमालकाकडे परत जातो, तुमच्या किचनसकट आणि तुम्ही घातलेल्या लाकडी फरशीसकट, एकही पाउंड न देता. हे पूर्वी खरोखर घडत होतं. दक्षिण वेल्समध्ये कोळशाच्या खाणींच्या भरभराटीत मोठ्या जमीनदारांच्या जागेवर ९९ वर्षांच्या लीजने कामगारांच्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती लीज संपू लागली आणि नातवंडांना कळलं की आजोबांनी बांधलेलं घर आता इस्टेटीचं आहे. त्या असंतोषातून १९६७ चा कायदा आला आणि लीजवरच्या घरांना फ्रीहोल्ड विकत घेण्याचा हक्क मिळाला. फ्लॅटवाल्यांना मात्र १९९३ पर्यंत थांबावं लागलं. १९९३ च्या त्या कायद्यावर रागावून लंडनमधल्या मेफेअर आणि बेलग्रेव्हियाचे मालक ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष सोडून गेले. कायद्यात दम होता, हे यावरूनच कळतं.

आज लीज संपलं तरी दुसऱ्या दिवशी कुलूप बदललं जात नाही. तुम्ही तिथेच राहत असाल तर १९८९ च्या कायद्याप्रमाणे जुनी भाडेकरार-अवस्था त्याच अटींवर चालू राहते. मालकाला सहा ते बारा महिन्यांची रीतसर नोटीस द्यावी लागते. त्यात तो बहुतेक वेळा बाजारभावाच्या भाड्याने राहण्याचा प्रस्ताव देतो. ताबाच हवा असेल तर पुनर्बांधणीसारखी कायद्यात सांगितलेली कारणं कोर्टात सिद्ध करावी लागतात. म्हणजे छप्पर डोक्यावर राहू शकतं. जाते ती मालमत्ता. काल चार लाखांचा फ्लॅट तुमचा होता, आज तुम्ही त्याच फ्लॅटचे महिन्याचे भाडेकरू. वर जमीनमालक लीजमधल्या दुरुस्तीच्या अटी काढून थकलेल्या डागडुजीचं बिलही मांडू शकतो. आणि फ्लॅट भाड्याने देऊन तुम्ही पुण्यात राहत असाल तर हे संरक्षण मुळात लागूच नाही, कारण ते तिथे राहणाऱ्यासाठी आहे. ज्यांनी इथला फ्लॅट गुंतवणूक म्हणून ठेवला आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

तुमच्या बाबतीत २०९८ फार लांब आहे आणि तिथपर्यंत कोणी जातही नाही. त्रास खूप आधी सुरू होतो आणि तो बँकेच्या रूपाने येतो. प्रत्येक बँकेचा नियम वेगळा, पण सत्तरच्या खाली गेलं की कर्ज देणाऱ्यांची यादी आखडते, आणि साठच्या खाली फ्लॅट घ्यायला मुख्यतः रोख पैसेवाले उरतात. ते अर्थातच भाव पाडून मागतात.

आता ऐंशीचा मामला. लीज वाढवण्याची किंमत तीन गोष्टींची बनते. पहिली, मालकाचं पुढचं ग्राउंड रेंट बुडतं, त्याची भरपाई. दुसरी, फ्लॅट बहात्तर वर्षांनी त्याच्या हातात येणार होता, तो आणखी नव्वद वर्षं लांबला, त्याची भरपाई. तिसरी, आणि सगळ्यांत जड, मॅरेज व्हॅल्यू. नाव गोड आहे. कल्पना अशी की तुमचं अपुरं लीज आणि मालकाचा उरलेला हक्क वेगवेगळे असताना दोघांची बेरीज कमी असते. ते 'जुळले' की एकूण किंमत वाढते. ही वाढ दोघांनी निम्मी वाटून घ्यायची असं कायदा म्हणतो. लग्न दोघांचं, पण आहेर एकाच बाजूने जातो. आणि ही तिसरी गोष्ट लीज ऐंशी वर्षांपेक्षा जास्त असेल तर शून्य धरायची असंही कायदाच म्हणतो. ऐंशी वर्षं आणि एक दिवस उरला असेल तर शून्य, एक दिवस कमी झाला की सगळी.

तुमच्या फ्लॅटचा हिशेब मांडून बघू. लीजचा प्रश्नच नसता तर फ्लॅटची किंमत ४,००,००० पाउंड आली असती असं समजा. लीज वाढवल्यावर ती त्याच्या ९९ टक्के, म्हणजे ३,९६,००० धरू. ग्राउंड रेंट शेवटपर्यंत १५० च राहतं असंही धरू. तुमच्या लीजमध्ये ते वाढत जाणारं असेल तर आकडा चढेल, म्हणून ते कलम नीट वाचा.

बहात्तर वर्षांच्या १५० पाउंडांची आजची किंमत, सहा टक्के दराने, साधारण २,४६० पाउंड. बहात्तर वर्षांनी हातात येणाऱ्या चार लाखांची आजची किंमत, पाच टक्के दराने, साधारण ११,९२०. पाच टक्के हा दर मी माझ्या मनाने घेतलेला नाही. स्पोर्टेली या गाजलेल्या निकालानंतर फ्लॅटसाठी तोच सर्वमान्य आहे. दोन्ही मिळून मालकाचा आजचा हक्क १४,३८० च्या आसपास. लीज नव्वद वर्षांनी वाढल्यावर त्याच्याकडे १६२ वर्षांनंतरचा हक्क उरतो, ज्याची आजची किंमत दीडशे पाउंडसुद्धा नाही. म्हणजे त्याचं नुकसान साधारण १४,२४० पाउंड.

आता मॅरेज व्हॅल्यू. त्यासाठी सध्याच्या, बहात्तर वर्षांच्या लीजची किंमत काय, हे ठरवावं लागतं, आणि तीही लीज वाढवून घेण्याचा कायदेशीर हक्क मुळात नाहीच असं मानून. पण असा हक्क नसलेला फ्लॅट बाजारात सापडत नाही. म्हणून आम्ही सर्व्हेअर लोक आलेख वापरतो, त्यांवरून भांडतो आणि त्या भांडणाची फी घेतो. बहात्तरला ८९ टक्के धरले तर तुमच्या लीजची किंमत ३,५६,००० येते. वाढवल्यानंतरची दोघांची बेरीज ३,९६,१५०. आधीची बेरीज ३,५६,००० अधिक १४,३८०, म्हणजे ३,७०,३८०. फरक साधारण २५,७६०, त्याचा निम्मा १२,८८०. त्यात नुकसानीचे १४,२४० मिळवले की एकूण २७,१०० पाउंडांच्या घरात.

८९ च्या जागी ८८ टक्के धरले तर किंमत दोन हजार पाउंडांनी वाढते. म्हणून मालकाचा सर्व्हेअर कमी टक्के सांगतो आणि तुमचा जास्त. मोठ्या आकड्याच्या पत्राने घाबरून जाऊ नका ते याचसाठी: त्यातला बराचसा भाग या एका टक्केवारीवर उभा असतो.

हाच फ्लॅट, हीच किंमत, पण लीज ८१ वर्षांचं असतं तर? मॅरेज व्हॅल्यू नाही. एकूण आकडा येतो १०,१०० च्या आसपास. नऊ वर्षांत सतरा हजारांचा फरक.

आणि आता ते 'काही महिने'. २०१८ मध्ये तुम्ही घेताना लीज ऐंशीच्या जेमतेम वर होतं. तेव्हाचा नियम असा होता की लीज वाढवण्याचा अर्ज करायला फ्लॅट तुमच्या नावावर किमान दोन वर्षं हवा. तुमची दोन वर्षं होईपर्यंत लीज अठ्ठ्याहत्तरवर आलं. यावर तेव्हाही उपाय होता आणि तो अगदी नेहमीचा होता: विकणाऱ्याने, ज्याची दोन वर्षं झालेलीच होती, स्वतःच्या नावाने नोटीस द्यायची आणि खरेदीबरोबर तिचा हक्क तुमच्या नावे करायचा. किंमत नोटिशीच्या तारखेवर ठरते, म्हणून ऐंशीच्या वरचाच भाव तुम्हाला मिळाला असता. तुमच्या सॉलिसिटरने हे सांगितलं नसेल तर २०१८ ची फाईल काढून कोणत्या पत्रात काय लिहिलं होतं ते बघा. मात्र अशा दाव्यांना मुदतीचा कायदा लागतो आणि आठ वर्षं झाली आहेत, म्हणून फार आशा ठेवू नका. दोन वर्षांची ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून रद्द झाली आहे. आज कोणी ऐंशीच्या जवळचं लीज घेत असेल तर लँड रजिस्ट्रीत फ्लॅट त्याच्या नावावर नोंदला गेला की लगेच नोटीस देऊ शकतो.

नोटीस म्हणजे १९९३ च्या कायद्यातल्या कलम ४२ ची. त्यात तुम्ही तुमचा आकडा लिहिता. हा आकडा थोडा कमी लिहितात, पण हास्यास्पद लिहू नये, नाहीतर नोटीसच अवैध असल्याचा वाद होतो. मालकाला उत्तर द्यायला किमान दोन महिने द्यावे लागतात. तो मागू शकतो ती अनामत तुमच्या आकड्याच्या दहा टक्के. त्याच्या सर्व्हेअरचा आणि वकिलाचा वाजवी खर्चही आजच्या कायद्याने तुमच्याच माथी. दोन्हीकडचं मिळून काही हजार पाउंड वेगळे काढून ठेवा. मालकाचं उत्तर आलं की घासाघीस सुरू होते आणि दहांतली आठ-नऊ प्रकरणं तिथेच मिटतात, निदान माझ्या टेबलावर तरी.

पण एक तारीख चुकवू नका. मालकाच्या उत्तरानंतर सहा महिन्यांत किंमत ठरली नाही तर ती ठरवून देणाऱ्या ट्रायब्युनलकडे अर्ज करावाच लागतो. नाही केला तर तुमची नोटीस मागे घेतली असं कायदा समजतो आणि नवी नोटीस द्यायला बारा महिने थांबावं लागतं. माझ्या एका ओळखीच्या बाईंचं असंच झालं. बोलणी छान चालली होती, तीनशे पाउंडांचा फरक उरला होता, तिच्या वकिलाच्या कार्यालयात फाईल एका सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या टेबलावर राहिली आणि सहा महिने उलटले. मालकाने दुसऱ्याच दिवशी पत्र पाठवलं. पुढच्या वर्षी तिला नव्या तारखेने, चढलेल्या बाजारात, पुन्हा सगळं करावं लागलं, आणि पहिल्या खेपेचा मालकाचा खर्चही तिनेच दिला. अर्ज केल्याने कोणी लगेच सुनावणीला जात नाही. तो फक्त घड्याळ थांबवतो. पाचव्या महिन्यात तो करून टाका.

दुसरा सापळा असा: नोटीस देण्याआधीच मालकाकडून 'सोप्या' प्रस्तावाचं पत्र येईल. वकिलाची भानगड नको, आपसात लीज पुन्हा ९९ वर्षांचं करू, इतके इतके पाउंड. ते कमी वाटतील. पण बहात्तरचं नव्व्याण्णव म्हणजे सत्तावीसच वर्षं वाढली, आणि कायद्याने तुम्हाला नव्वद मिळत होती. शिवाय कलम ४२ ने वाढवलं तर ग्राउंड रेंट 'पेपरकॉर्न', म्हणजे मिरीचा एक दाणा, व्यवहारात शून्य होतं. (कधीकाळी मिरी इथे इतकी महाग होती की ती भाडं म्हणून दिली जाई. आता फुकटाला तिचं नाव आहे.) आपसातल्या वाढीत २०२२ च्या कायद्यानंतरही जुन्या मुदतीची उरलेली बहात्तर वर्षं जुनं भाडं चालू ठेवता येतं. वीस वर्षांनी तुम्ही पुन्हा ऐंशीच्या खाली, पुन्हा त्याच मालकाच्या दारात.

आता थांबायचं की नाही. मे २०२४ मध्ये नवा कायदा मंजूर झाला. त्यात मॅरेज व्हॅल्यू पूर्ण रद्द आहे, वाढ नव्वदऐवजी थेट ९९० वर्षांची आहे, आणि साधारणपणे मालकाच्या खर्चाचा भार तुमच्यावर नाही. जमीनमालकांच्या गटाने त्याला हायकोर्टात आव्हान दिलं, ते २०२५ मध्ये फेटाळलं गेलं. पण कायदा मंजूर होणं वेगळं आणि लागू होणं वेगळं. हे लिहितो आहे तोवर मॅरेज व्हॅल्यूचं कलम लागू झालेलं नाही. हिशेबाला कोणते दर वापरायचे तेही सरकारने ठरवायचे आहेत. वर मी पाच आणि सहा टक्के धरले. सरकारने ते खाली आणले तर नुकसान-भरपाईचा भाग वाढेल आणि वाचलेल्यातलं थोडं परत जाईल.

तरीही तुमच्या आकड्यांवर तोल बघा. आजचेच दर राहिले तर नव्या कायद्याने तुमचं काम साधारण १४,२०० मध्ये होईल, म्हणजे तेरा हजार वाचतील. थांबण्याचा खर्च किती? एक वर्ष गेलं, लीज ७१ झालं, लीजच्या किमतीची टक्केवारी अर्ध्या टक्क्याने घसरली, तर किंमत २८,४०० च्या आसपास जाते. म्हणजे एका वर्षाला साधारण तेराशे, घरांच्या किमती तेवढ्याच राहिल्या तर. वर्षाला तेराशे पणाला लावून तेरा हजारांची शक्यता, हा सौदा मला वाईट वाटत नाही. पण तो फक्त अशांसाठी, ज्यांना दोन-तीन वर्षांत फ्लॅट विकायचा नाही.

तुम्हाला विकायचा असेल तर थांबू नका. आजच्या आज सर्व्हेअरकडून आकडा काढून घ्या. हवं तर नोटीस देऊन तिच्यासकट विका. खरेदीदाराची बँकही त्याने शांत होते. विकायचा नसेल तर थांबा, पण मर्यादा आखून: लीज सत्तरवर येईल तेव्हा कायदा लागू झालेला असो वा नसो, नोटीस द्यायची. सत्तरच्या खाली तुमचेच कर्जाचे पर्याय आखडतात आणि त्याची किंमत व्याजात मोजावी लागते, जी वरच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

कर्जाचं काय, हा तुमचा खरा तातडीचा प्रश्न आहे आणि तो सर्वांत सोपा. दुसऱ्या बँकेत न जाता आहे त्याच बँकेत नवा दर घ्या. आपल्याच ग्राहकाचा दर बदलताना बँका बहुधा फ्लॅटचं नवं मूल्यांकन करत नाहीत आणि लीजची वर्षंही विचारत नाहीत. दर थोडा जास्त असेल. दोन वर्षांचाच घ्या, म्हणजे तो संपेल तेव्हा लीजही सत्तरवर असेल आणि दोन्ही निर्णय एकदम घेता येतील.

फ्रीहोल्डबद्दल शेवटचं. एकट्याला मिळत नाही, पण इमारतीतल्या निम्म्या फ्लॅटवाल्यांनी एकत्र येऊन कंपनी काढली तर मालकाला फ्रीहोल्ड विकावं लागतं. मग तुम्हीच तुमचं लीज ९९९ वर्षांचं करून घेता. किंमतीत मॅरेज व्हॅल्यू तिथेही लागते, पण खर्च वाटला जातो. लहान इमारतीत, सहा-आठ फ्लॅट असतील तर, मी हाच रस्ता आधी तपासायला सांगतो. साठ फ्लॅटच्या ब्लॉकमध्ये तीस सह्या गोळा करणं हे गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करण्यापेक्षा अवघड आहे, कारण इथे निम्मे मालक हाँगकाँगमध्ये किंवा दुबईत राहतात. तुमच्या इमारतीत किती फ्लॅट आहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही. रजिस्टरचा उतारा काढाल तेव्हा फ्रीहोल्डचाही उतारा काढा: मालक कोण, त्याने कधी आणि कितीला घेतलं हे बहुधा त्यात असतं. तेवढं कळवलंत तर दोन्ही रस्त्यांचे आकडे शेजारी-शेजारी मांडून देतो.